पिवळा डबा आणि डिशवॉशर

आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरांनी मागच्या दिवाळीत हप्त्यावर डिशवॉशर घेतला. मशीनवर त्या खूश आहेत, पण परवा राउंड संपल्यावर त्यांनी विचारले, "सर, कुकर, ताटं, कढई सगळं लख्ख निघतं. मुलाचा प्लॅस्टिकचा डबा मात्र पिवळाच. दोनदा लावला, सत्तर डिग्रीवर लावला, तरी तसाच. तो धुतलाच जात नाही का? त्यातून जंतू पोटात जात असतील का?"

या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि आपण ते नेहमी एकत्र करतो. डाग म्हणजे घाण, घाण म्हणजे जंतू, असे आपले गणित. डब्याच्या बाबतीत ते चुकते. पिवळा डबा पूर्ण स्वच्छ असू शकतो आणि पांढराशुभ्र दिसणारा डबा तेलकट, न धुतलेला असू शकतो. मशीन वापरताना लक्ष ठेवायचे ते तेलावर. रंगाचे दुखणे वेगळे आहे आणि त्यावर मशीन हे औषधच नाही.

आधी हा रंग येतो कुठून ते पाहू. हळदीचा पिवळेपणा मुख्यतः करक्युमिन नावाच्या द्रव्याचा. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र छान विरघळते. ग्लासभर पाण्यात चिमूटभर हळद टाकली तर ती थोड्या वेळाने तळाशी बसते. तीच चिमूट फोडणीच्या गरम तेलात पडली की सगळे तेल पिवळे होते. मिरचीचा आणि टोमॅटोचा लाल रंगही असाच तेलाच्या जातीचा. म्हणजे रश्श्यावर जी तर्री येते, ती खरे तर रंगाचे तेलातले घट्ट द्रावण असते. आपण ती कौतुकाने वाटीत घेतो. डब्याला पिवळे करते तीच.

आता डबा. घरातले बहुतेक झाकणाचे डबे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा दिसतो. हे प्लॅस्टिक पेट्रोलियमपासून बनते आणि स्वभावाने तेलाच्या जवळचे असते. पाणी त्याच्यावर थेंब होऊन उभे राहते, तेल पसरते आणि हळूहळू आत मुरते. स्टीलमध्ये आणि काचेत मुरायला जागा नसते, म्हणून स्टीलच्या डब्यात आठवडाभर लोणचे ठेवले तरी घासल्यावर तो पुन्हा पांढरा. प्लॅस्टिकचे लांबलचक रेणू मात्र सैलसर गुंतलेले असतात आणि उष्णतेने ते अधिक सैल होतात. उकळता रस्सा थेट डब्यात ओतला, की तेल आणि त्याच्याबरोबर करक्युमिन भिंतीच्या आत शिरते. गार झालेल्या रश्श्याने हेच काम फार हळू होते. सर्वांत वाईट म्हणजे त्याच डब्यात मायक्रोवेव्हमध्ये रस्सा गरम करणे. तेलाचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर जाऊ शकते आणि प्लॅस्टिक त्या जागी अक्षरशः भाजते. जुना डबा उजेडाकडे धरून पाहा. तर्री जिथवर होती तिथे आतून एक खरखरीत, पांढरट-नारिंगी कडे दिसेल. बोटालाही ते लागते.

अशा डब्याशी मशीन काय करू शकते? मशीनकडे घासणी नसते. त्याच्याकडे गरम पाणी, त्या पाण्याचा जोराचा फवारा आणि पावडर किंवा टॅब्लेट एवढेच असते. हाताने घासायच्या साबणापेक्षा ही पावडर बरीच जास्त अल्कधर्मी, म्हणजे क्षारयुक्त असते. आपल्या आज्या चुलीतल्या राखेने तेलकट भांडी घासत, त्यामागचे तत्त्व हेच. राखेतला क्षार तेलाचा काही भाग साबणात बदलतो आणि उरलेले तेल सुटे करतो. मशीनच्या पावडरीत सोड्याच्या जातीचे क्षार असतात, पिष्ट आणि प्रथिने तोडणारी एन्झाइम असतात, म्हणून ताटाला वाळलेला वरणभात निघतो. बहुतेक पावडरींत ऑक्सिजन सोडणारे विरंजकही असते, ज्याने कपातला चहाचा डाग जातो.

क्षार आणि हळद यांचे नाते आपल्याला चांगले माहीत आहे. पूर्वी कुंकू हळदीला चुन्याची किंवा टाकणखाराची जोड देऊन करत. पिवळी हळद क्षाराने लाल होते. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडले आणि त्याला साबण लावला की डाग एकदम लालसर होतो, तेही यामुळेच. म्हणजे मशीनमधल्या क्षाराचा आणि विरंजकाचा करक्युमिनवर परिणाम होतो, पण समोरासमोर भेट झाली तर. डब्याच्या पृष्ठभागावरचा रंग त्यांना सापडतो. आत मुरलेला रंग सापडत नाही, कारण क्षार पाण्यात असतो आणि प्लॅस्टिक पाण्याला आत घेत नाही. त्यामुळे सिस्टरांनी तोच डबा दहा वेळा लावला असता तरी तो पिवळाच निघाला असता. सत्तर डिग्रीवर तर उलटच धोका. प्लॅस्टिक आणखी सैल होते आणि वरचा रंग आत जायला वाट मिळते.

हे नीट समजण्यासाठी रविवारची एक खेप पाहू. दुपारी चिकनचा रस्सा झाला. उरलेला रस्सा डब्यात होता, तो रात्री संपला. डबा तसाच, तळाशी दोन चमचे तर्री ठेवून, मशीनच्या खालच्या जाळीत उताणा ठेवला. शेजारी रश्श्याचे पातेले, वर मुलाची पांढरी प्लॅस्टिकची वाटी, दोन पांढरे चमचे आणि पाण्याच्या बाटलीचे झाकण. मशीन सुरू केले.

पहिले धुणे अनेकदा थंड पाण्याचे असते. त्यात सुटा भात, कढीपत्ता, मसाल्याचा गाळ निघतो. तेल फारसे हलत नाही. डालडा किंवा तूप असेल तर थिजलेलेच राहते. नंतर मुख्य धुणे. मशीन कमी पाणी वापरते असे आपण ऐकतो ते खरे आहे, पण त्याचा अर्थ असा की या टप्प्यात तीन-चार लिटर पाणीच पुन्हा पुन्हा फिरत राहते. डबा उताणा असल्यामुळे त्याच्यात ते साचते. पातेल्यावरची आणि डब्यातली तर्री याच पाण्यात उतरते. पावडर पुरेशी असेल तर तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात तरंगत राहतात आणि पुढे पाण्याबरोबर निघून जातात. तेल पावडरीच्या ताकदीपेक्षा जास्त झाले, तर हे थेंब जागा शोधतात. स्टीलवर त्यांना फारसे थारा मिळत नाही. प्लॅस्टिकवर मिळतो. म्हणून मशीन उघडल्यावर दिसते असे की पातेले चकचकीत आहे, डबा चिकट आहे आणि सकाळपर्यंत पांढरे असलेले चमचे फिकट नारिंगी झाले आहेत. पुष्कळ घरांत मशीनच्या जाळीची चाके, पाणी फवारणारा पंखाही असाच पिवळा झालेला असतो.

हीच खेप नीट लावायची तर काम फार थोडे आहे. तर्री मशीनमध्ये जाऊच द्यायची नाही. डबा आणि पातेले पोळीच्या तुकड्याने पुसून घ्या. आपल्याकडे ताट पुसून खाण्याची पद्धत होतीच. तसे नको असेल तर जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाने किंवा चमचाभर बेसनाने पुसा आणि तो बेसन कचऱ्यात टाका, मोरीत नको. तेल सिंकमध्ये ओतले तर ते पुढच्या नळीत थिजते. पुसल्यानंतर डबा नळाखाली घासत बसण्याची गरज नाही. इतके घासायचे तर मशीन कशाला? डबा वरच्या जाळीत, पालथा आणि थोडा तिरका ठेवा. पातेले खाली, तोंड फवाऱ्याकडे. एकावर एक भांडे ठेवू नका, कारण जिथे पाणी आपटत नाही तिथे मशीन काहीच करत नाही. तेलकट खेपेला ६० ते ७० डिग्रीचा प्रोग्रॅम लागतो, पण तो कढई-पातेल्यांसाठी. ज्या दिवशी जास्त तर्री असेल त्या दिवशी प्लॅस्टिक वेगळे, कमी तापमानावर, पोह्यांच्या आणि चहाच्या भांड्यांबरोबर लावावे. मला विचाराल तर एवढ्या एका बदलाने निम्मी तक्रार मिटते.

जर्मनची भांडी, म्हणजे ॲल्युमिनियमची, तसेच पितळ, बिडाचा तवा आणि लाकडी पोळपाट या क्षारात टाकू नका. ॲल्युमिनियम काळे पडते आणि बिडाचा मुरवलेला तेलाचा थर निघून तवा गंजतो.

डबा धुतला गेला की नाही हे रंगावरून कळत नाही, मग कशावरून कळते? डबा पूर्ण वाळल्यावर आतल्या कोपऱ्यात कोरडे बोट दाबून फिरवा. बोट अडखळत, किरकिर आवाज करत सरकले तर डबा स्वच्छ. गुळगुळीत घसरले आणि बोटाला चकाकी आली तर तेल आहे. पांढरट साय दिसत असेल तर त्यावर व्हिनेगरचा बोळा फिरवा. साय गेली आणि खाली किरकिरीत प्लॅस्टिक लागले, तर ते जड पाण्यातले क्षार होते. बोळ्याने साय नुसती पसरली तर तेल आहे. बोअरवेलच्या पाण्यावर मशीन चालवणाऱ्या घरांत हे दोन्ही एकत्र भेटते. पाण्यातला कॅल्शियम तेलापासून तयार झालेल्या साबणाशी जुळतो आणि चिकट राखाडी थर बनतो. बादलीला, मोरीच्या फरशीला जो बसतो तोच. मशीनमध्ये मीठ घालायची वेगळी जागा असते ती यासाठी. ते मीठ भांड्यांना लागत नाही, पाणी मऊ करणाऱ्या भागाला ताजे करते. जाडे, आयोडीन नसलेले, मशीनसाठीच विकले जाणारे मीठ घाला आणि पाण्याच्या जडपणाप्रमाणे मशीनचा आकडा लावून घ्या. जाळीचा गाळण आठवड्यातून एकदा काढून ब्रशने धुवा. त्यात अडकलेले तेल पुढच्या खेपेच्या पाण्यात परत येते.

आता सिस्टरांचा दुसरा प्रश्न, जंतूंचा. गरम पाणी, तीव्र क्षार आणि बराच वेळ एवढे मिळाले की पोट बिघडवणारे नेहमीचे बहुतेक जंतू टिकत नाहीत. त्यांना आसरा मिळतो तो जिथे पाणी पोचले नाही तिथे. झाकणातली रबरी किंवा सिलिकॉनची कडी ही त्यातली पहिली जागा. ती चमच्याच्या दांड्याने अलगद काढा, खाली काय साठले आहे ते एकदा पाहाच. कडी वेगळी धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवायची. दुसरी जागा म्हणजे ओला डबा. मशीनमधले स्टील स्वतःच्या उष्णतेने वाळते, कारण जड धातूत उष्णता साठते. प्लॅस्टिक हलके, लवकर गार होते आणि त्यावरचे थेंब तसेच उभे राहतात. हे ओले डबे झाकणे लावून फडताळात ठेवले, की आठवड्याने उघडताना कुबट वास येतो. खेप संपली की दार थोडे उघडे ठेवावे, डबे पुसून काढावेत आणि झाकण न लावता ठेवावेत. एवढे केले असेल तर पिवळ्या डब्यातून जंतू जाण्याची भीती बाळगू नका. हळद तर आपण खातोच.

पिवळेपणा आवडत नसेल तर उपाय ऊन. करक्युमिन प्रकाशाने विस्कटते. हळदीच्या समारंभातली साडी उन्हात वाळत घातली की डाग फिके पडतात हे घरोघर ठाऊक आहे. डबा आधी तेलरहित धुवा, मग आतली बाजू सूर्याकडे करून एक-दोन दिवस कडक उन्हात ठेवा. प्रकाश प्लॅस्टिकमध्ये शिरतो, जिथे पाणी शिरत नाही. पावसाळ्यात हा उपाय लंगडा पडतो, आणि उन्हात महिनाभर डबा विसरू नका, कारण उन्हाने प्लॅस्टिकही ठिसूळ होते. ताजा, वरवरचा डाग इंजेक्शनपूर्वी वापरतो त्या स्पिरिटच्या बोळ्याने उतरतो. बोळा पिवळा होतो ते बघायला मजा येते. हे काम गॅसपासून दूर करा आणि नंतर डबा धुऊन घ्या.

डॉक्टर म्हणून मला पिवळ्या रंगापेक्षा तो रंग जे सांगतो त्यात अधिक रस आहे. तेल आत मुरले याचा अर्थ गरम, तेलकट पदार्थ आणि प्लॅस्टिक यांची दाट भेट झाली. ही वाट एकेरी नसते. प्लॅस्टिकमध्ये मिसळलेली काही द्रव्ये तेलकट पदार्थात उतरतात, आणि उष्णतेने जास्त उतरतात. जुन्या, कडक, काचेसारख्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या पुन्हा पुन्हा डिशवॉशरमध्ये धुतल्या की त्यांतून बिसफेनॉल-ए जास्त सुटते, असे तपासणीत दिसले आहे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये बिसफेनॉल-ए नसते, पण म्हणून ते उकळत्या तर्रीसाठी बनलेले नाही. घाबरून सगळे डबे फेकावेत असे मी सांगणार नाही. डाळी, पोहे, साखर, चिरलेली भाजी त्यांत खुशाल ठेवा. रस्सा, आमटी आणि लोणचे स्टीलमध्ये किंवा काचेत. आतून खरखरीत कडे आलेला, तडा गेलेला किंवा धुऊन वाळल्यावरही वास मारणारा डबा मात्र काढून टाका. त्याच्या चरांत तेल राहते आणि मशीनला ते निघत नाही.

इथे एक सावधगिरी. रस्सा गार करून मग डब्यात भरा असे मी म्हटले, त्याचा अर्थ तो रात्रभर ओट्यावर ठेवा असा नव्हे. उन्हाळ्यात तर शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. पसरट स्टीलच्या पातेल्यात ओतून ते पातेले परातीतल्या थंड पाण्यात ठेवले, की रस्सा लवकर निवतो. डबा पिवळा होऊ नये म्हणून जुलाब ओढवून घेण्यात काही अर्थ नाही.

डाग काढायच्या हट्टापायी काही जण डब्यात ब्लीच ओततात, मग काम झाले नाही म्हणून वर व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचे ॲसिड. क्लोरिनच्या ब्लीचमध्ये आम्ल मिसळले की क्लोरिन वायू सुटतो. बंद मोरीत तो छातीत गेला तर खोकला, धाप आणि थेट आमच्याकडची भरती. मशीनमध्येही ब्लीच घालू नका, स्टीलवर खड्डे पडतात.

आणि लहान मुले असलेल्या घरासाठी एक गोष्ट. मशीनच्या रंगीत टॅब्लेट मिठाईसारख्या दिसतात आणि दार उघडल्यावर पावडरीचा कप्पा रांगत्या मुलाच्या अगदी हाताशी येतो. ज्या क्षाराने तर्री सुटते, तोच तोंडाची आणि अन्ननलिकेची नाजूक त्वचा भाजतो. ओठांवर जखम दिसली नाही तरी आत इजा असू शकते. पावडर कप्प्यात घालायची ती मशीन सुरू करताना, आधी नाही, आणि डबा वरच्या फळीवर कुलपात. मुलाने तोंडात घातलेच, तर बोटाने ओल्या फडक्याने तोंड पुसून काढा, शुद्धीवर असेल तर पाण्याचे एक-दोन घोट द्या. उलटी काढू नका, कारण वर येताना तो क्षार पुन्हा भाजतो. क्षार मारायला म्हणून लिंबूपाणी देऊ नका. पावडरीचे पाकीट बरोबर घ्या आणि लाळ गळत असो वा नसो, मूल रडायचे थांबले असो वा नसो, सरळ रुग्णालयात या.